जे बिघडलं नाही, ते कुणामुळे?

*ताई, मी नागपुरात मानेवाड्याला राहतो. वय 41. बुटीबोरीच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो, सध्या दुपारी तीन ते रात्री अकरा. बायको पतसंस्थेत नोकरीला आहे. घरी आई आणि सातवीतला मुलगा. लग्नाला 14 वर्षं झाली. मोठं भांडण कधी नाही, पण गेल्या महिन्यात ती म्हणाली, “मी या घरात आहे की नाही हे तुम्हाला समजते तरी का?” मी पगार तिच्या हाती देतो, वाढदिवसाला साडी आणतो, व्यसन नाही. एका मित्रानं सांगितलं, रोज थँक यू म्हणत जा. आठवडाभर म्हटलं. जेवण वाढलं की थँक यू, चहा दिला की थँक यू. ती म्हणाली, “हॉटेलात जेवून राहिले का तुम्ही? नाटकं बंद करा.” मी बंद केलं. आमच्या घरात कुणी कुणाला असं म्हणत नव्हतं. बाबांनी आईला कधी म्हटलं नाही, तरी त्यांचा संसार झालाच ना? आणि खरं सांगू, जाण्यायेण्यासकट माझेही दहा-अकरा तास जातात. मला कोण म्हणतं? करू तरी काय?*

*मानेवाड्याचा एक वाचक*

नमस्कार दादा,

तुमच्या पत्नीनं तुम्हाला एक प्रश्न विचारला होता आणि तुम्ही दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर दिलंत, म्हणून ती चिडली. तिनं विचारलं, “समजते का?” तुम्ही म्हणालात, “थँक यू.” ताट कुणीही समोर ठेवलं असतं तरी तोच शब्द चालला असता. त्यात ती कुठेच नव्हती. उलट जे तिला आधीपासून वाटत होतं, की आपण या घरात ताट ठेवणारा हात आहोत, ते त्यानं पक्कं झालं. आठवडाभरात बंद केलंत ते एका अर्थी बरं झालं. पण त्यावरून ‘आमच्याकडे हे चालत नाही’ असं ठरवू नका. खरं जे करायचं आहे ते अजून सुरूच झालेलं नाही.

आधी बाबांबद्दल बोलते. त्यांचा संसार झाला, हे तुम्ही मुलाच्या नजरेनं सांगताय. आई तुमच्याच घरात आहे. एखाद्या सुटीच्या दिवशी चहा घेताना तिला विचारा, “बाबांनी तुझं कोणतं काम कधीतरी पाहावं असं तुला वाटायचं?” माझ्यासमोर त्या वयाच्या बायका बसतात तेव्हा त्या दागिना मागत नाहीत. ‘पाहुणे असताना अमुक केलं ते कुणाला दिसलं नाही,’ असं काहीतरी अगदी बारीक सांगतात आणि तारखेसकट सांगतात. शिवाय तेव्हा घरात जावा होत्या, नणंदा होत्या, भिंतीला भिंत लागून शेजार होता. नवरा काही बोलला नाही तरी “किती करतेस गं” असं म्हणणारं कुणीतरी असायचं. तुमची पत्नी संध्याकाळी पतसंस्थेतून सुटते आणि तिथून पुढचं सगळं एकटी करते. तुम्ही तेव्हा बुटीबोरीला असता. मुलगा लहान आहे, आई थकलेल्या आहेत. तिचा दिवस पाहणारं मोठं माणूस घरात कुणी नाही. बाबांच्या वेळची तुलना इथे लागू पडत नाही ती यामुळे.

आता तुम्ही नेमकं काय पाहायचं, ते तुमच्याच घराच्या एका रात्रीवरून सांगते. तपशील मी अंदाजानं भरतेय, तुमच्याकडे थोडे वेगळे असतील.

मे महिना आहे. कंपनीची बस तुम्हाला पावणेबारा-बाराच्या सुमारास चौकात सोडते. घरात शिरता तर खोली गार आहे. ताट झाकलेलं आहे. आई झोपल्या आहेत, मुलगा झोपला आहे. तुम्ही हातपाय धुता, जेवता, पडता. तुमच्या मते त्या दिवशी घरात काहीच झालं नाही. आणि खरी गोम इथेच आहे. घरातलं बरंचसं काम नीट झालं की दिसत नाही, राहून गेलं की मात्र लगेच दिसतं. म्हणून ‘तिनं आज काय केलं?’ असं स्वतःला विचाराल तर उत्तर येईल, ‘स्वयंपाक.’ त्याऐवजी विचारा, ‘आज घरात काय बिघडलं नाही, आणि ते कुणामुळे?’

खोली गार का होती? आपल्याकडच्या कोरड्या उन्हात कूलर पाणी नुसतं पितो. सकाळी टाकी भरली तरी दुपारभर आई आणि मुलगा घरात असताना चालला की संध्याकाळी ती तळाला जाते. म्हणजे कुणीतरी संध्याकाळी पुन्हा पाणी भरलं. नळाला तेव्हा पाणी नसेल तर सकाळी भरून ठेवलेल्या ड्रममधून बादल्यांनी. आणि ड्रम सकाळी भरून ठेवायचा तर नळ येतो तेव्हा कुणीतरी उठलेलं असावं लागतं. पोळ्या मऊ होत्या. सातला केल्या असत्या तर बारापर्यंत त्यांचे पापड झाले असते, म्हणजे तुमच्या त्या उशिरा केल्या, बाकीच्यांची जेवणं झाल्यावर, पुन्हा गॅससमोर उभं राहून. आईंना शुगर असेल तर त्यांची संध्याकाळची गोळी आणि जेवणाची वेळ कुणीतरी लक्षात ठेवली. मुलाला सुट्या आहेत, तो भर दुपारी क्रिकेट खेळायला बाहेर पडला नाही, यामागे ऑफिसातून केलेला एखादा फोन असू शकतो.

हे सगळं एका रात्रीत बोलून दाखवायचं नाही. यातलं एक निवडायचं. एकच. आणि त्यावर दोन-तीन वाक्यं बोलायची. उदाहरणार्थ: “संध्याकाळी कूलरमध्ये परत पाणी भरलं ना तू? खोलीत आल्या आल्या जाणवलं. ऑफिसातून येऊन बादल्या उचलायच्या म्हणजे जीवावर येत असेल. आईला रात्री त्रास होऊ नये हे तुझ्या बरोब्बर लक्षात असते.”

या वाक्यांत काय आहे ते पाहा. आधी केलेली गोष्ट, नाव घेऊन. मग त्यासाठी तिला काय कष्ट पडले ते. आणि शेवटी त्यातून दिसलेली ती, म्हणजे तिचा विचार, तिची नजर. हा तिसरा भाग लोक हमखास सोडून देतात. “मला किती बरं वाटलं, माझी झोप किती छान झाली,” इथेच थांबतात. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ सारा अल्गो यांनी जोडप्यांमधल्या कृतज्ञतेचा बरीच वर्षं अभ्यास केला आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात जोडप्यांना समोरासमोर बसवून एकमेकांचे आभार मानायला सांगितलं आणि त्या बोलण्याचं चित्रण तपासलं. ज्या बोलण्यात समोरच्या माणसाच्या कृतीची, स्वभावाची वाखाणणी होती, ते ऐकणाऱ्याला ‘याला मी कळते’ असं जास्त वाटलं. आपल्याला काय फायदा झाला याचं वर्णन कितीही केलं तरी तसा परिणाम दिसला नाही. तुमच्या पत्नीच्या तक्रारीला हे थेट लागू पडतं. तुमची झोप छान झाली ही तुमची बातमी आहे. तिला तिची बातमी हवी आहे.

मात्र इथे एक खड्डा आहे आणि आपले पुरुष त्यात फार पडतात. स्तुती करायची म्हटलं की तोंडात येतं, “तू किती सोसतेस, तू आहेस म्हणून हे घर आहे, अन्नपूर्णा आहेस.” हे मनापासून म्हटलेलं असतं, पण ऐकणाऱ्या बाईला त्यात पुढच्या वीस वर्षांचं वेळापत्रक ऐकू येतं. सोसण्याचं कौतुक झालं की उद्या न सोसण्याची सोय राहत नाही. म्हणून तिच्या सहनशक्तीचं नाही, तिच्या निर्णयाचं कौतुक करा. “आई डाळ खात नव्हत्या तर तू त्यात आंबट चुका घालून पाहिलास, त्या वाटीभर जेवल्या,” यात तिची अक्कलहुशारी आहे. “तू सगळ्यांचं किती करतेस,” यात ती हरवून जाते.

बोलायचं कधी? दुसऱ्या पाळीत ही अडचण खरी आहे. तुम्ही येता तेव्हा ती अर्धवट झोपेत असते, सकाळी ती घाईत असते आणि तुम्ही झोपेत. यासाठी बसचा वेळ वापरा. खापरी येईपर्यंत त्या दिवसाकडे पाहा: दुपारी निघताना घर कसं होतं, डब्यात काय होतं, फोनवर तिनं काय सांगितलं. चिंचभुवन मागे पडेपर्यंत एक गोष्ट ठरवा. ती जागी असेल तर घरी गेल्यावर सांगा, झोपली असेल तर मोबाईलवर लिहून ठेवा, सकाळी वाचेल. लिहिताना फुलांची चित्रं, तयार सुविचार काही नको. दोन ओळी पुरे: “डब्यात आज आंब्याचं लोणचं वेगळ्या डबीत होतं. मागच्या वेळी तेल सांडून पोळ्या भिजल्या होत्या, ते तू ध्यानात ठेवलं.” एवढ्यावर थांबा. पुढे कामाचं काही लिहू नका. आभारानंतर पाठोपाठ “उद्या माझा निळा शर्ट धुवून ठेव” आलं की आधीच्या ओळी त्या शर्टासाठी होत्या असंच वाटतं. तसंच वाक्याच्या शेवटी ‘पण’ लावू नका. “भाजी छान झाली, पण तिखट थोडं जास्त,” यातला ‘पण’च्या आधीचा भाग कुणाच्याही लक्षात राहत नाही. मिठातिखटाचं बोलायचं असेल तर दुसऱ्या दिवशी, वेगळं बोला.

आणि आईंसमोर बोलायचं का? सुरुवातीला नको. सासूसमोर केलेलं कौतुक काही घरांत बाईला उलट अडचणीत आणतं. तुमच्या घरी तसं नसेलही, पण तिच्या चेहऱ्यावरून अंदाज घ्या.

आता तुमचं दुखणं. “मला कोण म्हणतं?” हे तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जरा दबकत लिहिलंय. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पाळ्यांच्या कामानं झोपेचं खोबरं होतं, मे महिन्यात कारखान्यात उभं राहून काम करणं काय असतं हे घरी बसून कळत नाही. पण एक गोष्ट समजून घ्या. 1979 साली मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या संशोधकांनी विवाहित जोडप्यांना वेगवेगळं विचारलं होतं, घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती? दोघांनी सांगितलेले वाटे जोडले तर बहुतेक जोडप्यांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. खोटं कुणीच बोलत नव्हतं. आपली प्रत्येक बादली आपल्या दंडाला आठवते, दुसऱ्यानं उचललेली आपण पाहिलेलीच नसते. म्हणून तुम्हाला वाटतं तुम्ही जास्त करता, तिला वाटतं ती जास्त करते. ही तिची कृतघ्नता नाही आणि तुमचीही नाही.

यावर मी दोन गोष्टी सुचवेन. तुमचा दिवस तिला सांगत जा, तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून. “आज दोन तास मशीन बंद पडली, सगळे अंगावर धावून आले,” हे तिला कळलंच नाही तर ती कशाची दखल घेणार? आणि दुसरं, पहिले काही आठवडे हिशोब मांडू नका. “मी तुझं एवढं पाहतो, तू माझं पाहतेस का?” असं एकदा जरी म्हणालात तर तोवरचं सगळं उधारी ठरेल. बऱ्याच घरांत दुसरी बाजू आपणहून बोलू लागते, पण त्याला वेळ लागतो. दोन-तीन महिन्यांनीही काहीच आलं नाही तर सरळ सांगा, “मलाही कधीकधी ऐकावंसं वाटते.” मागण्यात कमीपणा नाही.

आता जे सांगणार आहे ते तुम्हाला कदाचित आवडणार नाही. रोज पाहू लागलात की काही कामं पुन्हा पुन्हा तुमच्या यादीत येतील. कूलरचं पाणी आज, परवा, पुढच्या आठवड्यात. एकाच कामाबद्दल वारंवार कौतुक करायची वेळ येत असेल आणि ते काम तुम्हाला जमण्यासारखं असेल, तर तिथे बोलणं थांबवून ते काम घ्या. 2019 च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात जातात असं आढळलं आणि ते करणाऱ्या पुरुषांची 97 मिनिटं. ही दरी गोड बोलून भरत नाही. उलट नवरा नेमकं काय काय पाहतो हे बायकोला कळलं आणि तरीही तो हात लावत नाही असं दिसलं, तर ते न दिसण्याहून जास्त लागतं.

काम घ्यायचं तर अख्खं घ्या. कूलर घेतला म्हणजे दुपारी निघण्याआधी टाकी भरणं, संध्याकाळच्या दोन बादल्यांचं काम मुलाला शिकवणं आणि तो विसरला तर त्याला फोन करणं, गवतावर क्षार बसून पाणी एकाच बाजूनं गळतंय का ते पाहणं, पंप अडकला तर साफ करणं, आणि पावसाळ्यात टाकी पुसून कोरडी करणं, हे सगळं तुमच्याकडे. “सांगशील तेव्हा भरतो” यात आठवण ठेवण्याचं काम तिच्याकडेच राहतं, आणि तेच सर्वात थकवणारं असतं.

माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याचं सांगते, ओळख लागणार नाही इतपत बदलून. नवरा ऑटो चालवायचा, बायको घरी शिवणकाम करायची. त्याला मी रोज एक नेमकी गोष्ट सांगायला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी तो म्हणाला, “काल रात्री तू माझ्या गणवेशाच्या शर्टाची शिवण पक्की केली.” ती म्हणाली, “काय पाहिजे तुम्हाला?” तो म्हणाला, “काही नाही,” आणि गप्प बसला. हे फार चांगलं केलं त्यानं. समजावत बसला असता तर ते पुन्हा त्याच्याबद्दलच झालं असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यानं चुकीचं ओळखलं. “तू आज पाण्याचा माठ घासला,” म्हणाला. ती म्हणाली, “तो मी नाही, पोरीनं घासला. मी तर आज दिवसभर ब्लाउजच्या ऑर्डरमध्ये होती, एका बाईनं कापडच कमी दिलं...” आणि पुढची पंधरा मिनिटं ती कापड कसं पुरवलं ते सांगत राहिली. तो नंतर मला म्हणाला, ताई, मी तर चुकलो. मी म्हटलं, नाही, तुम्हाला हवं होतं तेच झालं. तिला खात्री पटली की ऐकणारं कुणीतरी आहे, म्हणून तिनं स्वतःहून दिवस उघडला.

तुमच्या घरीही हीच खूण शोधा. ती उलट थँक यू म्हणेल याची वाट पाहू नका. ती तुम्हाला दुरुस्त करू लागली, न विचारता तपशील सांगू लागली, पतसंस्थेतल्या कुठल्या खातेदारानं काय केलं ते जेवताना बोलू लागली, की समजा बरोबर चाललंय. कधी ओळखता आलं नाही तर अंदाज मारू नका, विचारा: “आज घरातलं कोणतं काम सगळ्यात किचकट होतं?” प्रश्न विचारणंही पाहण्यातच मोडतं. उत्तर आलं की उपाय सुचवायची घाई मात्र करू नका.

एखाद्या दिवशी काहीच सापडलं नाही तर काही बोलू नका. मनात नसताना बोललेलं तोंडदेखलं बोलणं तिला लगेच ओळखू येतं, ते तिनं तुम्हाला एकदा दाखवलंच आहे. आठवड्यातून चार-पाच दिवस खरं बोललात तरी पुष्कळ.

आणि महिना-दीड महिना असं करूनही ती गप्पच राहिली, किंवा म्हणाली, “आता काय उपयोग,” तर समजा की दुखणं जुनं आहे आणि एखाद्या विशिष्ट प्रसंगाशी बांधलेलं आहे. तिच्या आजारपणातला, बाळंतपणातला, माहेरच्या कुणाच्या शेवटच्या दिवसांतला एखादा प्रसंग असेल, जेव्हा तिला तुम्ही हवे होता. तिथे रोजची दखल कामाची नाही. तिथे बसून विचारावं लागेल, “मी कधी नव्हतो, ते सांग,” आणि ती जे सांगेल ते मध्ये न तोडता ऐकावं लागेल. “अगं, तेव्हा माझी शिफ्ट होती” हे कितीही खरं असलं तरी त्या रात्री म्हणू नका. ते एकट्यानं पेलत नसेल तर दोघं मिळून एखाद्या विवाह समुपदेशकाकडे जा. तुमच्या पाळीची आणि तिच्या ऑफिसची सुटी ज्या दिवशी जुळते तो दिवस आधी ठरवून ठेवा, नाहीतर हे पुढे पुढेच जात राहील.